लाल-पांढरा-निळा आडवा झेंडा: फोटोवरून नेदरलँड्स की लक्झेंबर्ग, हे कसं ठरवायचं

नाशिकमध्ये झेंडे, बॅनर आणि स्टेजमागचे फ्लेक्स छापणाऱ्या प्रत्येकाकडे हिवाळ्यात ही अडचण येते. द्राक्षाचा हंगाम जवळ आला की पिंपळगाव, दिंडोरी, निफाड, ओझर या भागातल्या पॅकहाऊसवर परदेशी पाहुणे येऊ लागतात. मग टेबलावर ठेवायला आपला तिरंगा आणि शेजारी पाहुण्यांचा झेंडा हवा असतो. पाहुण्यांचा देश कुठला हे गिऱ्हाईक तोंडी सांगतं आणि सोबत व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवतं, "असाच करा." फोटोत तीन आडवे पट्टे असतात, वर लाल, मधे पांढरा, खाली निळा. रॉटरडॅम ह्या डच बंदरामार्गे माल जातो म्हणून सगळे त्याला सरळ 'हॉलंडचा', म्हणजे नेदरलँड्सचा, म्हणतात. पण लक्झेंबर्गचा झेंडाही असाच आहे. पॅराग्वे आणि क्रोएशियाच्या झेंड्यांवरही हेच तीन पट्टे ह्याच क्रमाने आहेत, फक्त मधे चिन्ह आहे, आणि घडी पडलेली असली की ते चिन्ह दिसत नाही.

शालिमारजवळच्या आमच्या दुकानात असे फोटो सारखे येतात. हे लिखाण फक्त ह्या एका कुटुंबातल्या झेंड्यांबद्दल आहे. सगळ्या जगाचे झेंडे ओळखायची यादी इथे नाही. पण क्रम हाच ठेवला तर बाकी तिरंगी झेंड्यांनाही तो लागू पडतो. क्रम असा: आधी फोटो सुलटा आहे का, मग पट्टे कुठल्या बाजूला समांतर आहेत, मग लांबी-उंची, मग रंग, आणि मधे काही डाग दिसत असेल तर चिन्ह.

मूळ फोटो मागवा

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो. त्याहून वाईट म्हणजे अशा दाबलेल्या फोटोत उजेड-अंधाराच्या कडा बऱ्यापैकी टिकतात, पण रंगाची माहिती जास्त कापली जाते. बोटभर झेंड्यातला लाल आणि पांढरा एकमेकांत मिसळून गुलाबी होतो आणि निळ्याची छटा शेजारच्या रंगाकडे सरकते. म्हणून फोटो Document म्हणून पाठवायला सांगा. आणि 'त्याच दिवशीचे बाकीचे फोटोही पाठवा' हे विसरू नका. त्याचा उपयोग पुढे दिसेलच.

आरसा आणि उलटी बाजू

सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही मोबाईलमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो. आडव्या पट्ट्यांना त्याने फरक पडत नाही, उभ्या पट्ट्यांना पडतो. फोटोत कुठे पाटी, गाडीचा नंबर किंवा टी-शर्टवरची अक्षरं असतील तर ती सरळ वाचता येतात का एवढं बघायचं.

दुसरी गोष्ट, झेंडा कापडाचा असतो आणि आपण तो मागूनही पाहू शकतो. फ्रान्सच्या झेंड्यात दांडीकडून निळा, पांढरा, लाल असे उभे पट्टे आहेत. मागून पाहिलं तर दांडी उजवीकडे येते आणि डावीकडून लाल, पांढरा, निळा दिसतं. इथेच नेदरलँड्सशी गल्लत होते, कारण हॉलमध्ये भिंतीवरून उभा सोडलेला डच झेंडाही डावीकडून लाल, पांढरा, निळा असाच दिसतो.

दोन्हींत फरक करायचा सोपा उपाय आहे: पट्टे लांब बाजूला समांतर आहेत की आखूड बाजूला ते पाहा. नेदरलँड्सचा झेंडा कसाही टांगला तरी त्याचे पट्टे लांब बाजूने धावतात. फ्रान्सचे पट्टे आखूड बाजूने धावतात. म्हणजे भिंतीवरून खाली लोंबणारा, उंचीने जास्त आणि रुंदीने कमी असा झेंडा असेल आणि पट्टे वरून खाली पूर्ण उंचीभर गेले असतील, तर तो मुळात आडव्या पट्ट्यांचा झेंडा आहे, फिरवून लावलेला. फ्रान्सचा झेंडा तसाच फिरवून लावला तर त्याचे पट्टे आडवे होतील. झेंड्याचा पूर्ण आकार दिसत असेल तर एवढ्यावर उत्तर मिळतं. झेंडा दांडीला गुंडाळलेला असेल तर मात्र नाही, कारण लांब बाजू कुठली हेच कळत नाही. अशा वेळी दोरी किंवा कापडाची शिवलेली पट्टी कुठे आहे ते शोधा. ज्या कडेला ती आहे, त्या कडेवर तीनही रंग एकाखाली एक दिसत असतील तर पट्टे आडवे. त्या कडेवर एकच रंग दिसत असेल तर पट्टे उभे.

निळा वर, पांढरा मधे आणि लाल खाली असा आडवा झेंडा फोटोत आला तर लगेच दुसरा देश शोधू नका. आपल्याकडचे बरेच शेतकरी नेदरलँड्सला ग्रीनहाऊस पाहायला जातात, आणि २०२२ साली तिथल्या शेतकऱ्यांनी नायट्रोजनच्या नियमांविरुद्ध आंदोलन केलं तेव्हा त्यांनी स्वतःच्याच देशाचा राष्ट्रध्वज उलटा लावला होता. रस्त्याकडेला, विजेच्या खांबांवर, शेतघरांवर असे उलटे झेंडे होते. फोटो त्या काळातला, डच शेताच्या आसपासचा असेल तर तो नेदरलँड्सचाच झेंडा आहे, आंदोलनाच्या अर्थाने लावलेला. टेबलासाठी छापताना तो सुलटाच छापायचा. उलटा छापला तर पाहुण्यांच्या घरच्या भांडणात आपण बाजू घेतल्यासारखं होईल. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाईन राज्याचा झेंडाही निळा-पांढरा-लाल आडवा आहे, पण तो राज्याचा आहे, देशाचा नाही.

लांबी-उंची: काय सांगते, काय सांगत नाही

ठरलेली मापं अशी आहेत. नेदरलँड्स: उंची २ तर लांबी ३, म्हणजे दीडपट. लक्झेंबर्ग: ३ ला ५, म्हणजे सुमारे १.६७ पट, आणि १ ला २ हे मापही तिथल्या कायद्यात चालतं. क्रोएशिया: १ ला २. पॅराग्वे: २०१३ पासून ११ ला २०, म्हणजे सुमारे १.८२ पट.

लक्झेंबर्गचं १ ला २ सोडलं तर कागदावर हे चारही वेगळे दिसतात. फोटोत तसं होत नाही, आणि त्याची तीन कारणं आहेत.

कापडाला घड्या पडतात, त्यामुळे लांबी खऱ्यापेक्षा कमी दिसते. मोजलेली लांबी ही 'किमान एवढी' असं धरायचं. उंची मात्र दांडीच्या कडेला मोजायची, कारण तिथे दोरीने कापड ताणलेलं असतं. उलट, झेंडा उंचावर असेल आणि फोटो खाली उभं राहून काढला असेल तर उंची दबते आणि झेंडा आहे त्यापेक्षा लांब वाटतो. दोन चुका दोन विरुद्ध दिशांना ओढतात, म्हणून १.५ आणि १.६७ यांच्यातला फरक फडकत्या कापडावर मोजून निकाल देऊ नये.

तिसरं कारण आमच्या धंद्यातलं आहे. बाजारात, विशेषतः ऑनलाईन मिळणारे बहुतेक परदेशी झेंडे ९० बाय १५० सेंटिमीटरचे असतात, म्हणजे ३ ला ५. कारखाना एकाच मापाचं कापड कापतो आणि त्यावर कुठल्याही देशाचा झेंडा छापतो. त्यामुळे हॉटेलबाहेर लावलेला डच झेंडा ३ ला ५ असू शकतो. सरकारी इमारत, दूतावास किंवा बंदरावरचं कार्यालय असेल तरच मापावर भरवसा ठेवा. एक मात्र खरं: समोरून काढलेल्या फोटोत घड्या असूनही लांबी उंचीच्या १.८ पटीच्या वर भरत असेल, तर तो दीडपटीचा झेंडा असणं कठीण आहे. माप उत्तर देत नाही, पण एखाद्याला यादीतून बाद करू शकतं.

रंग: उजळपणा सोडा, छटा मोजा

नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांच्यातला खरा फरक निळ्यात आहे. डच निळा गडद, कोबाल्ट. लक्झेंबर्गचा निळा आकाशी. डच लालसुद्धा लक्झेंबर्गच्या लालापेक्षा गडद आहे, पण उन्हात लाल फार लवकर फिका होतो, म्हणून लालावरून मी काही ठरवत नाही.

गल्लत होते कारण सगळे 'गडद आहे की फिका' हे डोळ्याने बघतात. झेंड्यामागे पांढरं आभाळ असेल तर मोबाईल आभाळाला सांभाळायला झेंडा काळवंडवतो, आणि लक्झेंबर्गचा आकाशी गडद होतो. भर उन्हात किंवा फ्लॅशमध्ये डच कोबाल्ट फिका होतो. म्हणजे उजळपणा हा कॅमेऱ्याचा निर्णय आहे. त्यापेक्षा टिकाऊ गोष्ट म्हणजे रंगाची छटा, रंगचक्रावर तो किती अंशांवर आहे ते. आंतरजालावर सर्रास वापरला जाणारा डच निळा #21468B आहे, त्याची छटा सुमारे २१९ अंशांवर येते. लक्झेंबर्गचा #00A3E0 घेतला तर ती सुमारे १९६ अंशांवर येते. वीसेक अंशांचा फरक फोटोतही बऱ्यापैकी टिकतो.

मोजायची पद्धत अशी. GIMP ह्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडा. आधी प्रकाशाचा रंग काढून टाकायचा. त्यासाठी Colors मधून Levels उघडा, करड्या बिंदूचा ड्रॉपर घ्या आणि झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर क्लिक करा. निळा जिथे मोजणार आहात, त्याच घडीच्या लगतचा पांढरा घ्या. सावलीतल्या घडीवर आभाळाचा निळसर उजेड पडलेला असतो आणि उन्हातल्या घडीवर पिवळसर, म्हणून लांबचा पांढरा घेतला तर दुरुस्ती चुकते. मग Color Picker घ्या, Sample average चालू करा म्हणजे एका ठिपक्याऐवजी आसपासची सरासरी मिळेल, आणि HSV मधला H, म्हणजे छटेचा आकडा, वाचा. पट्ट्यावर तीन-चार वेगवेगळ्या जागी वाचा.

एक पथ्य फार महत्त्वाचं आहे. जिथे लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा आकडा २५५ ला टेकला आहे तिथली जागा घेऊ नका, ना पांढऱ्याची ना निळ्याची. २५५ ला टेकला म्हणजे कॅमेऱ्याची मोजायची मर्यादा तिथे संपली. डच निळ्यावर उजेड जास्त पडला की निळ्याचा आकडा २५५ वर अडकतो, पण हिरव्याचा वाढतच राहतो. त्यामुळे छटा आकाशीकडे सरकते, २०९-२१० पर्यंत येते आणि झेंडा अर्ध्या वाटेवर लक्झेंबर्गचा वाटू लागतो. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडातही दुरुस्ती न करता मोजलं तर छटा चार-पाच किंवा अधिक अंशांनी त्याच बाजूला सरकते.

वर्षभर उन्हात राहिलेल्या झेंड्यावर ही पद्धत कमकुवत होते. तिथे लालाकडे बघा. लाल नारिंगी-गुलाबी झालेला असेल तर निळाही मूळचा राहिलेला नाही, आणि त्या कापडावरून छटेचा निकाल देऊ नये.

मधे डाग दिसतोय

पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध काहीतरी आहे, पण कळत नाही. अशा वेळी रंग वाढवून बघण्यापेक्षा फोटो कृष्णधवल करा आणि मोठा करा. रंगाची माहिती दाबताना गेलेली असते, कडा बऱ्याच अंशी शिल्लक असतात. मग दोन प्रश्न विचारा: आकार गोल आहे की ढालीसारखा, आणि तो पांढऱ्या पट्ट्यातच मावलाय की बाहेर आलाय.

क्रोएशियाची ढाल पांढऱ्या पट्ट्यात मावत नाही. तिचा वरचा भाग लाल पट्ट्यावर चढतो, खालचं टोक निळ्यावर उतरतं. ढालीवर लाल-पांढरा पट असतो, एकूण २५ घरं, वरच्या डाव्या कोपऱ्यातलं पहिलं घर लाल. डोक्यावर पाच छोट्या ढालींचा मुकुट असतो, त्यामुळे वरची कड दातेरी दिसते. लहान फोटोत पटाची घरं गुलाबी होऊन जातात, पण दातेरी कड आणि लालावर चढलेलं डोकं ह्या दोन खुणा राहतात.

पॅराग्वेचं चिन्ह गोल आहे आणि पांढऱ्या पट्ट्यात राहतं. ह्या झेंड्याची एक फार सुंदर गोष्ट आहे: दोन्ही बाजूंना वेगवेगळी चिन्हं आहेत. समोर पिवळा तारा आणि भोवती हिरव्या फांद्यांचं कडं. मागे सिंह, आणि काठीवर लाल टोपी. त्यामुळे एका फोटोत तारा आणि दुसऱ्यात सिंह दिसला म्हणून दोन झेंडे समजू नका. गिऱ्हाईकाला दोन्ही बाजू लागतात का ते आधी विचारा, कारण एकेरी कापडावर आरपार छापून हा झेंडा होतच नाही, दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवावी लागतात.

घडीने मधला भाग झाकला असेल तर 'चिन्ह नाही' असं म्हणता येत नाही. 'दिसत नाही' एवढंच म्हणता येतं, आणि पॅराग्वे यादीत राहतो. क्रोएशियाची ढाल मोठी असल्याने ती पूर्ण झाकली जाणं त्यामानाने कठीण.

एक पूर्ण उदाहरण

पिंपळगावचे एक बागायतदार, वयाने मोठे, सगळे त्यांना नाना म्हणतात. द्राक्ष आणि वाईन पाहायला ते मंडळींसोबत युरोपात जाऊन आले होते. तिकडचे एक वाईनवाले त्यांच्या बागेत येणार होते, म्हणून टेबलाचा झेंडा हवा होता. फोटो त्यांनी स्वतः काढलेला.

"नाना, हा कुठल्या देशातला?"

"हॉलंडचा, अजून कुठला. आपण उतरलोच तिथं."

"आणि पाहुणे हॉलंडचेच का?"

"तिकडचेच. नदीकाठी बाग आहे त्यांची. डोंगराला लावलीय सगळी."

डोंगराला लावलेली बाग ऐकल्यावर मी थांबलो, कारण नेदरलँड्स बहुतेक सपाट आहे. पण ऐकीव गोष्टीवर झेंडा ठरवायचा नाही, म्हणून फोटोपासून सुरुवात केली.

फोटो Document म्हणून परत मागवला. दांडी डावीकडे होती, मागच्या पाटीवरची अक्षरं सरळ वाचता येत होती, म्हणजे आरसा नाही. दांडीच्या कडेवर लाल, पांढरा, निळा एकाखाली एक, म्हणजे पट्टे आडवे आणि सुलटे. दांडीजवळची उंची ३०० पिक्सेल भरली आणि वरच्या कडेने, घडीच्या वळणासकट, लांबी ४८० पिक्सेल. म्हणजे १.६ पट. खालून काढलेला फोटो होता, त्यामुळे उंची थोडी दबलेली. दीडपटीचा डच झेंडाही असा दिसू शकतो, १.६७ चा लक्झेंबर्गही, आणि घडीत लांबी हरवलेला पॅराग्वेही. मापाने काही बाद झालं नाही.

उजेड संध्याकाळचा होता. पांढऱ्या पट्ट्याचे आकडे लाल २३६, हिरवा २२१, निळा १८८ असे आले, म्हणजे स्पष्ट पिवळसर, पण २५५ ला कुठलाच टेकलेला नाही. तसाच निळा मोजला तर छटा १९१. पांढरा दुरुस्त केल्यावर १९८ ते २०३ च्या दरम्यान, वेगवेगळ्या जागी. डच निळा संध्याकाळी सरकला तरी दुरुस्तीनंतर परत २१५-२२० कडे जायला हवा होता, तो गेला नाही. लाल चांगला ताजा होता, म्हणजे कापड जुनं होऊन निळा उडाला असंही म्हणता येत नव्हतं. इथे कौल लक्झेंबर्गकडे झुकला. मधला भाग घडीत होता, त्यामुळे चिन्हाबद्दल काहीच सांगता येत नव्हतं.

मग त्याच दिवशीचे बाकीचे फोटो पाहिले. एका फोटोत गाडीची पिवळी नंबरप्लेट होती आणि नाना म्हणाले, "हे बघ, पिवळी पाटी, हॉलंडच." पिवळी पाटी दोन्ही देशांत असते, ती कामाची नाही. डाव्या निळ्या पट्टीतलं अक्षर बघावं लागतं, NL की L, आणि फोटोत ते वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या एका फोटोत नदी आणि काठाला लागलेली नाव होती. नावेच्या मागच्या टोकाला वेगळाच झेंडा होता: पांढऱ्या-निळ्या बारीक आडव्या पट्ट्या आणि त्यावर मोठा लाल सिंह. तो मोठा करून पाहिला तर डोक्यावर पिवळा मुकुट आणि शेपटीला दोन टोकं. हा लक्झेंबर्गचा नावांवर लावायचा झेंडा आहे, दहा पट्ट्यांचा, तिथल्या राजचिन्हातून घेतलेला. राष्ट्रध्वज नेदरलँड्ससारखा दिसतो म्हणून हाच सिंहाचा झेंडा राष्ट्रध्वज करावा असा प्रस्ताव लक्झेंबर्गच्या संसदेत २००६ साली आला होता. तो तसाच्या तसा मंजूर झाला नाही, पण देशात लोक सिंहाचा झेंडा हौसेने लावतात. म्हणून लक्झेंबर्गचा संशय असला की मी आजूबाजूला आधी सिंह शोधतो. तीन पट्ट्यांच्या निळ्यावर वाद घालता येतो, दुशेपटी लाल सिंहावर नाही.

नदी मोझेल होती. तिच्या काठच्या उतारांवर लक्झेंबर्गच्या द्राक्षबागा आहेत, आणि नानांची मंडळी डच ग्रीनहाऊस पाहून तिकडे गेली होती. दोन देशांचे फोटो मोबाईलमध्ये एकापाठोपाठ पडलेले, त्यामुळे नानांच्या मनात सगळंच हॉलंड झालं होतं. तरीही छपाईआधी त्यांना पाहुण्यांना विचारायला लावलं. पाहुण्यांकडून होकार आल्यावरच काम धरलं.

जिथे फोटो उत्तर देत नाही

काही जोड्या फोटोवरून सुटत नाहीत, आणि गिऱ्हाईकाला तसं सांगावं. रोमानिया आणि चाड दोन्हींचे झेंडे निळा, पिवळा, लाल असे उभे, दोन्ही २ ला ३. चाडचा निळा किंचित गडद, पण तो फरक कापडावर आणि फोटोत दोन कारखान्यांच्या शाईतल्या फरकापेक्षा मोठा नसतो. इंडोनेशिया आणि मोनॅको दोन्ही वर लाल खाली पांढरा. मोनॅकोचं माप ४ ला ५ आणि इंडोनेशियाचं २ ला ३, पण बाजारात दोन्ही ९० बाय १५० मध्ये मिळतात. अशा वेळी पाहुणे कुठून येतात हेच विचारायचं.

आयर्लंड आणि कोत दिव्हॉर, म्हणजे आयव्हरी कोस्ट, यांची जोडी मात्र सुटते. आयर्लंडचा हिरवा दांडीकडे, कोत दिव्हॉरचा नारिंगी दांडीकडे. दांडी दिसली की झालं. दांडी दिसत नसेल आणि झेंडा समोरून सपाट असेल तर लांबी पाहा. आयर्लंड उंचीच्या दुप्पट, कोत दिव्हॉर दीडपट, आणि हा फरक मोठा असल्याने साधारण फोटोतही बऱ्याचदा कळतो, फक्त कापड बाजारातलं नाही ना याची खात्री करा.

छापताना

देश ठरला की फोटो बाजूला ठेवायचा. फोटोतला रंग उचलून छापू नका, त्यात त्या संध्याकाळचा उजेड आलेला असतो. लक्झेंबर्गच्या निळ्यासाठी पँटोन २९९ आणि लालासाठी पँटोन ०३२ हे छपाईच्या रंगांचे क्रमांक तिथे नियमाने ठरलेले आहेत, ते समोर धरून कापडाच्या कातरणीवर आधी नमुना काढा. सब्लिमेशनला, म्हणजे उष्णतेने शाई कापडात उतरवायच्या छपाईत, हा आकाशी बरेचदा गडद उतरतो, आणि तो गडद उतरला की टेबलावर पुन्हा नेदरलँड्स येऊन बसतो. नमुना दारात, उजेडात नेऊन पँटोनच्या पानाशेजारी धरून बघा, ट्यूबलाईटखाली नाही. तिरंगा २ ला ३ आणि लक्झेंबर्ग ३ ला ५, म्हणून दोन्हींची उंची सारखी ठेवा आणि लांबी वेगळी राहू द्या. तिरंग्याची उंची १० सेंटिमीटर घेतली तर तो १५ लांब होतो, लक्झेंबर्ग १६.७.